आखाजीचं कार्ड दोनदा लिहावं लागतं

आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय तृतीया, जवळ आली की आपल्याकडे एक वाद दरवर्षी डोकं वर काढतो. जळगावच्या सराफ बाजारापासून शिरपूर-शहाद्याच्या कृषी केंद्रांपर्यंत शुभेच्छांची कार्डं निघतात, काही छापली जातात, बरीचशी मोबाइलवर फिरतात. एका बाजूला मराठी मजकूर असतो, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मग एक गट म्हणतो, आपला सण आहे, इंग्रजी कशाला? दुसरा म्हणतो, पुण्या-बंगळुरूला वाढलेल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत सण पोहोचवायचा तर इंग्रजीला पर्याय नाही. दोन्ही गटांचा जीव भाषेवर आहे, यात मला शंका नाही. पण दोघेही ज्या कार्डावरून भांडतात, ते कार्ड नीट वाचत मात्र कोणी नाही.

मी वाचते, कारण असे मजकूर लिहून देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. बहुतेक कार्डांवर असतं ते साधारण असं: ‘अक्षय तृतीयेचा हा पवित्र सण आपल्या जीवनात अक्षय सुख, शांती आणि समृद्धी घेऊन येवो.’ मागच्या बाजूला इंग्रजीत: ‘मे धिस ऑस्पिशस डे ऑफ अक्षय तृतीया ब्रिंग इटर्नल जॉय, पीस अँड प्रॉस्पेरिटी इन युअर लाइफ.’ यातली मूळ ओळ कोणती आणि तिचं भाषांतर कोणतं, सांगता येईल? मला येत नाही. दोन्ही ओळी एकमेकींची छाया आहेत आणि मूळ वस्तू कुठेच नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कार्ड मराठीत असावं की इंग्रजीत, हा प्रश्न दुय्यम आहे. एका भाषेत मजकूर लिहून तो दुसरीत उतरवणं, ही खरी चूक आहे. दोन भाषांत कार्ड हवं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं. दोन्ही वेळा सणापासून आणि माणसापासून सुरुवात करून, पहिल्या मजकुराकडे न बघता.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो खरंच वजनदार आहे. कार्ड ही कविता नव्हे, तो रिवाज आहे, त्यात ठरलेले शब्द असणारच. संक्रांतीला आपण तिळगूळ हातावर ठेवतो तेव्हा कोणी नवं काव्य रचत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एकच वाक्य म्हणतो आणि ते मनापासूनच म्हणतो. जुन्या पत्रांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना ठरलेला होता, म्हणून ती पत्रं कोरडी होती असं कोण म्हणेल? इंग्रजांकडेही हेच. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. छापून विकलं गेलेलं ते पहिलं नाताळ-कार्ड मानतात. त्यावर नाताळ आणि नव्या वर्षाची शुभेच्छा एका ओळीत होती, आणि कोणाला व कोणाकडून, यासाठी जागा कोऱ्या सोडल्या होत्या. एवढ्यावर लोकांचं भागत होतं.

हे सगळं मला मान्य आहे. पण या तिन्ही उदाहरणांत रिवाजाचे शब्द एकटे नाहीत, हे बघा. तिळगुळाचं वाक्य हातात तिळगूळ असताना म्हणतात, आणि समोर तो माणूस उभा असतो, ज्याच्याशी वर्षभरात कधी कडू बोलणं झालेलं असू शकतं. पत्राचा मायना संपला की खाली दोन पानं घरची हकीकत असायची. कोल यांच्या कार्डातल्या कोऱ्या जागा पाठवणारा स्वतःच्या हातानं भरायचा. ठरलेला शब्द चालतो, कारण त्याच्या शेजारी एक जिवंत गोष्ट उभी असते. आपल्या आखाजीच्या कार्डात ती जिवंत गोष्ट कोणती? सणाचं नाव बदलून ‘दिवाळी’ टाका, मजकूर तसाच चालतो. पाठवणाऱ्या आईच्या जागी पतसंस्थेचं नाव टाका, तरी चालतो. ज्या ओळीला सण बदलल्याचं कळत नाही आणि माणूस बदलल्याचंही कळत नाही, ती रिवाजाची ओळ नाही. ती कोणाचीच ओळ नाही.

हे असं का होतं, याचं कारण दोन्ही भाषांच्या ठेवणीत आहे, आणि वाद घालणाऱ्यांनी ते बघायला हवं. मराठीत शब्दांचे दोन थर आहेत: संस्कृतातून आलेला पोथीचा थर आणि घरचा थर. इंग्रजीतही तसंच आहे, लॅटिन-फ्रेंचकडून आलेले मोठे शब्द आणि जुने, आखूड, घरगुती शब्द. या दोन भाषांमध्ये वरचे थर एकमेकांना बरोबर जुळतात. समृद्धीला प्रॉस्पेरिटी सापडते, पवित्रला ऑस्पिशस, अक्षयला इटर्नल. शब्दाला शब्द लावता येतो. खालचे थर मात्र असे जुळत नाहीत. सांजोरीला काय लावणार? घागरीला, झोक्याला, माहेराला? त्यामुळे भाषांतर करायचं म्हणून जो मजकूर लिहितो, तो नकळत वरच्या थरातच लिहितो, कारण तिथं वाट सोपी आहे. आणि मनातलं बोलणं दोन्ही भाषांत खालच्या थरात असतं. आई लेकीला फोनवर ‘तुझ्या जीवनात समृद्धी येवो’ असं कधी म्हणते का? ती म्हणते, ‘आलीस की सांजोऱ्या तळते, आधी तळल्या तर वातड होतात.’

मोठ्या शब्दांनाही त्यांची जागा आहे, हेही सांगितलं पाहिजे. मंगलाष्टकांत ते शोभतात, कारण तिथं मांडव असतो, अक्षता असतात, शंभर माणसं एका सुरात गप्प असतात. पण कार्ड एकटा माणूस हातात धरून वाचतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो मराठीच्या अभिमान्यांकडून येतो. ‘येवो, लाभो, राहो’ या इच्छेच्या रूपाला तुम्ही नावं ठेवता, पण ती तर आमची परंपरा आहे, ज्ञानेश्वरीच्या शेवटचं पसायदान सगळं त्यावरच उभं आहे, असं ते म्हणतात. बरोबर आहे. पण पसायदानात पहिल्याच शब्दांत देणारा कोण हे सांगितलं आहे, मागणारा कोण आणि कशाच्या बदल्यात मागतो हेही सांगितलं आहे. नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ पुरा करून एक माणूस विश्वात्मक देवाजवळ हात पसरतो, म्हणून त्या क्रियापदांत बळ आहे. कार्डावरच्या ‘घेऊन येवो’मध्ये देणारा कोण आहे? सण. सण हाच कर्ता झाला आहे आणि तो टोपलीभर नामं घेऊन आपल्या ‘जीवनात’ येतो आहे. मराठीत सण येतो, पण सामान घेऊन येत नाही. ही बांधणी इंग्रजी कार्डावरून उचललेली आहे, फक्त तिच्यावर मराठी प्रत्यय चढवले आहेत. जे माणसाच्या हातात नाही ते मागताना ‘येवो’ म्हणावं. जे आपण स्वतः करणार आहोत, ते सरळ सांगावं.

या रूपाची अजून एक अडचण आहे, ती लिहायला बसल्यावरच कळते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक आपोआप क्रियापदावर पडतं. येवो, जावो, राहो, वाहो. यमक फुकट मिळतं आणि चार ओळी पाच मिनिटांत तयार होतात. ज्या कडव्याच्या चारही ओळी ‘ओ’वर संपतात, ते न वाचताच बाजूला ठेवायला हरकत नाही. आपल्या जात्यावरच्या बायका याच्या उलट करायच्या. त्या क्रियापद मध्ये घालायच्या आणि ओळीचं टोक एखाद्या वस्तूवर किंवा माणसावर आणून ठेवायच्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या आठ-आठ अक्षरांच्या ओळींत ही कला जागोजाग दिसते. ज्यांच्या जिल्ह्यात ही गाणी झाली, त्यांनी कार्डावर ‘समृद्धी घेऊन येवो’ छापावं, याचं मला वाईट वाटतं.

आता एक प्रत्यक्ष कार्ड घेऊन बोलते. अमळनेर तालुक्यातल्या एका बाईंनी माझ्याकडून मजकूर लिहून घेतला. यजमान गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती. लेक परदेशात, ती त्या वर्षी येणार होती, बरोबर तिची अकरा-बारा वर्षांची मुलगी. नातीला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून कार्ड दोन भाषांत हवं होतं. बाईंच्या धाकट्या मुलानं आधी एक मजकूर आणला होता, वर दिला तसाच, सुखशांतीसमृद्धीचा. आणि त्यात इंग्रजीतलं ‘हॅपी’ होतं.

इथे आखाजी म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, कारण बाकी महाराष्ट्रात अक्षय तृतीया म्हणजे सोनं आणि आंबा एवढंच उरलं आहे. आपल्याकडे ही दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात, गाणी म्हणतात. सालदाराचं साल याच दिवसापासून धरतात. आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. वैशाखाच्या ऐन उन्हात गेलेल्या माणसासाठी गार पाणी, सांजोरी, आमरस. म्हणजे एका दिवसात झोकाही आहे आणि घागरही. ज्या घरात त्या वर्षीची घागर नवऱ्यासाठी, बापासाठी भरायची आहे, त्या घरात ‘हॅपी’ कसं पाठवणार? आणि लेक माहेरी येणार आहे, तर नुसतं दुःखही कसं पाठवणार?

मी त्यांना भावना विचारल्या नाहीत. भावना विचारल्या की माणसं पोथीच्या थरातलं बोलतात. त्या दिवशी सकाळपासून काय काय होणार, ते विचारलं. घागर कोण भरतं? झोका कुठे बांधतात? लेक लहान असताना झोका कोण द्यायचं? यजमानांची त्या दिवशीची सवय काय होती? शेवटी म्हटलं, समजा कार्ड नाही, फोन आहे, आणि एकच वाक्य बोलता येतं. त्या अहिराणीत म्हणाल्या, ‘झोका बांधेल शे, इतलंच सांग.’ कार्ड तिथेच झालं होतं. माझं काम फक्त ते बिघडू न देण्याचं होतं.

मराठीसाठी मी अष्टाक्षरी घेतली. यात लघु-गुरू बघायचं नाही, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, आणि बोलताना पाय मोडून म्हटलेलं अक्षरही पूर्ण धरायचं, म्हणजे ‘दोर’ची दोन अक्षरं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘झोका तुला हा भेटावा’. अक्षरं आठ भरली, पण ओळ पुन्हा इच्छेवर गेली आणि झोका बांधणारी बाई ओळीतून नाहीशी झाली. शेवटी हे राहिलं:

झोका बांधला निंबाला,
दोर नवा, फांदी तीच;
घरी ये तू आखाजीला,
झोका द्याया उभी मीच.

घागरीत गार पाणी
त्यांच्या नावे भरू दोघी;
मग गौराईची गाणी
सांजवेळी म्हणू दोघी.

पहिल्या कडव्यात ‘तीच’ आणि ‘मीच’वर ओळी संपतात. झोका पूर्वी बाप द्यायचा. आता ‘मीच’. बाप गेला हे वेगळं सांगावं लागलं नाही, लेकीला त्या एका अक्षरात ते कळणार होतं. दुसऱ्या कडव्यात ‘त्यांच्या’ आहे, कारण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि लेकीशी बोलतानाही ती ‘तुझे वडील’ म्हणण्याऐवजी ‘त्यांचं’ म्हणते. दोन्ही कडव्यांत ‘येवो’ कुठेच नाही. यातली प्रत्येक गोष्ट ही बाई स्वतः करणार आहे, मग इच्छा कशाला व्यक्त करायची?

आता इंग्रजी. मुलाची अपेक्षा अशी, की याच आठ ओळी इंग्रजीत उतरवाव्यात. मी उतरवून बघितल्या. ‘आय मायसेल्फ ॲम स्टँडिंग टु पुश द स्विंग.’ मराठीत जिथे काळजाला हात लागतो, तिथे इंग्रजीत झोपाळ्याजवळ उभी असलेली एक बाई फक्त दिसते. शिवाय इंग्रजी वाचणार होती नात. आजोबांना ‘त्यांच्या’ म्हणणारी व्यक्ती तिला ठाऊकच नाही. तिचे ते ‘आबा’. बोलणारी बाई तीच, पण लेकीशी बोलताना ती आई आहे आणि नातीशी बोलताना आजी. नातं बदललं की काय सांगायचं तेही बदलतं, शब्द तर बदलतातच.

छंदही वेगळा लागतो. इंग्रजी कान अक्षरं मोजत नाही, तो आघात ऐकतो. एक हलकं, एक जड, अशी चाल. त्यांच्या लोकगाण्यांचा आणि चर्चमधल्या गीतांचा जुना साचा चार आघात, मग तीन, मग चार, मग तीन असा आहे, आणि कार्डाच्या कवितेला तो आजही सर्वांत सहज जातो. मोठे लॅटिन शब्द त्यात सहज बसत नाहीत. ‘प्रॉस्पेरिटी’त आघात एका जागी आणि मागे दोन अक्षरं फरफटतात. आखूड शब्द घेतले की चाल आपोआप चालते. उच्चार कानावर यावा म्हणून ओळी नागरीतच देते, मोठ्यानं वाचून बघा:

द रोप इज न्यू, द ब्रँच इज ओल्ड,
इट हेल्ड युअर मदर टू;
द मँगोज हिअर आर टर्निंग गोल्ड,
वी’व्ह केप्ट द स्विंग फॉर यू.

वी’ल फिल द पॉट फॉर आबा फर्स्ट,
द वे ही’ड वाँट अस टू,
देन ईट अप मँगोज टिल वी बर्स्ट,
ॲज ही वुड ऑलवेज डू.

झोका, घागर, दोर नवा आणि फांदी जुनी, एवढंच दोन्हीकडे सामाईक आहे. मराठीत फांदी ‘तीच’ आहे, कारण लेक तिला ओळखते. इंग्रजीत फांदी ‘जुनी’ आहे आणि तिनं तुझ्या आईलाही झुलवलं आहे, कारण नातीला ते नव्यानं कळायचं आहे. पोट फुटेपर्यंत आंबे खाण्याची आबांची सवय इंग्रजीत आली, मराठीत नाही. आई मुलीला पाठवलेल्या कार्डात ते म्हणाली नसती, पण आजी नातीला हे नक्की सांगेल. मी अर्थ समजावून सांगितला तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, हे खरं आहे, ते असंच करायचे.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो त्यांच्या मुलानंच घेतला. एकाच कार्डाच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या गोष्टी? ही फसवणूक नाही का? आईला वाटणार की मागे तिचेच शब्द आहेत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ज्याला एक भाषा येते त्याच्या नावानं दुसऱ्या भाषेत काहीही छापणं हा अन्यायच आहे. करारपत्रात, औषधाच्या पुडीवर, सरकारी आदेशात दोन्ही मजकूर शब्दशः जुळलेच पाहिजेत. पण कार्डाचा प्रामाणिकपणा दोन मजकूर एकमेकांशी जुळण्यात नसतो. प्रत्येक मजकूर पाठवणाऱ्याशी जुळतो का, हे बघायचं असतं. म्हणून इंग्रजी ओळींचा अर्थ छापण्याआधी तिला सांगायचा, आणि ‘मी असं म्हणेन’ असं तिनं म्हटल्याशिवाय छापायचं नाही. हा नियम पाळला की फसवणूक उरत नाही. उलट शब्दशः भाषांतरातच तिच्या तोंडी ‘इटर्नल जॉय’ घातला जातो, जो ती कोणत्याही भाषेत बोलली नसती.

आणि ही काही माझी नवी कल्पना नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्याला ख्रिस्ताची कथा मराठी माणसांना सांगायची होती. हातात ग्रंथ होता, तो शब्दाला शब्द लावून उतरवता आला असता. त्यानं तसं केलं नाही. त्यानं ओवी घेतली, पुराणाची रीत घेतली, इथले श्रोते पुराण कसं ऐकतात ते ओळखलं आणि त्यांच्यासाठी ती कथा नव्यानं रचली. १६१६ साली ते ख्रिस्तपुराण छापलं गेलं. परक्या मुलखातून आलेल्या, परक्या धर्माच्या माणसाला जे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं, ते आपल्याच सणाचं कार्ड लिहिताना आपल्याला का कळू नये? मजकूर न हलवता आशय हलवता येतो, पण त्यासाठी ज्या भाषेत जायचं तिच्या कानाशी आधी बसावं लागतं.

मजकूर भाषांतरित आहे की लिहिलेला, हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. तो उलटा करून बघायचा. मराठी ओळ शब्दशः इंग्रजीत नेली आणि तिला काहीच इजा झाली नाही, तर ती मराठी नव्हतीच. ‘पवित्र सण समृद्धी घेऊन येवो’ कुठल्याही भाषेत न्या, तिचं काही बिघडत नाही, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. ‘झोका द्याया उभी मीच’ नेऊन बघा. इंग्रजीसाठीही हेच. आबांच्या आंब्यांच्या ओळी मराठीत नेल्या की त्यातली चाल आणि खोडकरपणा दोन्ही जातात. नुकसान व्हायलाच हवं, दोन्ही दिशांनी.

अहिराणीचा प्रश्न राहतो, आणि तो मला टाळायचा नाही. बाई बोलल्या अहिराणीत, मी लिहिलं प्रमाण मराठीत. मग मी भाषांतरच केलं नाही का? एका अर्थानं केलं, आणि मला ते सलतं. मी त्यांना विचारलं होतं, सगळंच अहिराणीत लिहू का? त्या म्हणाल्या, कागदावर आपली भाषा बरी दिसत नाही. खान्देशातल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि मराठी-इंग्रजीवरून भांडणारे दोन्ही गट त्याबद्दल गप्प असतात. इंग्रजीनं मराठीला हटवलं म्हणून रडणाऱ्यांनी आपल्या मराठीनं घरातली बोली कार्डावरून कधी हटवली, हे बघायला नको? लेवा बोलीत, अहिराणीत, भिलीत मुलीला हाक मारायची आणि कार्डावर मात्र पुस्तकी शुभेच्छा द्यायची, हे भाषेवरचं प्रेम नव्हे. पण दुसऱ्याच्या कार्डावर मी माझा आग्रह लादू शकत नव्हते. तोडगा निघाला तो असा: मुखपृष्ठावर चित्र नको, ‘आखाजीच्या हार्दिक शुभेच्छा’ नको, तिथे त्यांचं वाक्य जसंच्या तसं, ‘झोका बांधेल शे.’ खाली काही नाही. ते बघून त्याच म्हणाल्या की हे बरं दिसतं.

व्यापाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. हजार गिऱ्हाइकांना जाणाऱ्या कार्डात झोका आणि आबा कुठून आणणार? तिथे खोटी माया लिहिण्यापेक्षा साधा, ठरलेला मजकूर शंभरपट बरा. ‘आपल्या परिवाराचा एक सदस्य’ असं दुकानानं म्हणू नये, कारण ते खरं नाही. पण दुकानाचंही गिऱ्हाइकाशी एक खरं नातं असतं, आणि ते सांगता येतं. बियाणं विकणाऱ्या एका कृषी केंद्रासाठी मी चार ओळी लिहिल्या. आखाजीला शेतकऱ्याचं नवं वर्ष लागतं, पुढे महिन्या-दीड महिन्यात मृग, आणि सगळी भिस्त पावसावर व बियाण्यावर.

मृग येवो वेळेवर,
पेर साधो वाफशाला;
बियाण्याची खूण पक्की,
आम्ही उभे हिशेबाला.

इथे ‘येवो’ आहे आणि तो हक्कानं आहे, कारण मृग कोणाच्या हातात नाही. बियाणं मात्र दुकानदाराच्या हातात आहे, तिथे इच्छा नाही, जबाबदारी आहे. मालकानं ‘हिशेबाला’ या शब्दावर बराच विचार केला. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी हेच कार्ड घेऊन दारात येईल, अशी त्याला भीती वाटली. मी म्हटलं, तसं वाटत असेल तर ही ओळ काढा, पण तिच्या जागी ‘समृद्धी’ छापू नका. त्यानं ओळ ठेवली. इंग्रजी मजकूर त्याला सवयीनं हवा होता. त्याच्या गिऱ्हाइकांत इंग्रजीत वाचणारा कोण, असं विचारल्यावर त्याला एकही नाव सांगता आलं नाही, तेव्हा मागच्या बाजूला आम्ही वाणांची नावं आणि पेरणीचं अंतर छापलं.